आठवीच्या ‘पटवून द्या’ भाषणाचं रुब्रिक : गुण दिले आणि मलाच पटेनात

खडूची_डबी

नमस्कार मंडळी. जळगाव जिल्ह्यात एका शाळेत आठवीला मराठी शिकवते. आकारिक मूल्यमापनात तोंडी कामाला २० गुण ठेवले होते, नेहमीचं कवितागायन वगैरे नको म्हणून यंदा मुलांना सांगितलं की मुख्याध्यापकांना शाळेतली एक गोष्ट बदलायला पटवून द्या, ३ मिनिटांचं भाषण. त्याच्या आधी पाच तासिका घेतल्या. टाचणवहीत उद्दिष्टं लिहिली होती ती जशीच्या तशी देते:

१. आपली भूमिका एका वाक्यात सांगता येणे. २. भूमिकेसाठी कारणे देऊन प्रत्येक कारणाला आधार देता येणे. ३. विरुद्ध बाजूचे म्हणणे सांगून त्याला उत्तर देता येणे. ४. ऐकणारा कोण आहे हे ओळखून बोलता येणे.

आता रुब्रिक बनवायला वेळ नव्हता (खोटं कशाला बोला, कंटाळा आला होता), स्टाफरूमच्या कपाटात वक्तृत्व स्पर्धेचा परीक्षकांचा कागद होता तोच घेतला. पाठांतर ५, उच्चार व आवाज ५, हावभाव ५, विषयाची मांडणी ५.

एका मुलीने ‘झाडे लावा’ वर धडाधड भाषण केलं, घरून लिहून आणलेलं, एकही अडखळ नाही, शेवटी हात वर करून घोषणा. तिला १८. एक मुलगा उभा राहिला, हातात चिठ्ठी, मान खाली. म्हणाला सुट्टीत ग्रंथालयाची पुस्तकं घरी न्यायला द्या. त्याने ग्रंथालयाचं रजिस्टर बघितलं होतं, दिवाळीपासून आठवीच्या दोन्ही तुकड्यांत मिळून फक्त ९ पुस्तकं गेली होती. वर म्हणाला, “सर म्हणतील पुस्तकं फाटतील, पण आमच्या शायेतली पुस्तकं कपाटात बी वाळवी खातेच आहे.” अख्खा वर्ग हसला आणि मुख्याध्यापक खरंच विचारात पडले. त्याला ११. शाळेला शाया म्हणतो म्हणून उच्चारात २, चिठ्ठी होती म्हणून पाठांतरात २, हावभाव ३, मांडणी ४.

रात्री झोप लागेना. माझं नेमकं कुठे चुकलं आणि हे नीट कसं करायचं?

टवाळखोर_जळगावी

शीर्षक वाचून वाटलं रुबिक क्यूबवर धागा आहे, आठवीतल्या पोराने सहाही बाजू जुळवल्या म्हणून आलो. पण ते वाळवीचं वाक्य भारी आहे ताई, त्या पोराला माझ्याकडून एक भरीत पार्टी.

निवृत्त_बाक

खडूची_डबी ताई, एक कागद घ्या. डावीकडे तुमची चार उद्दिष्टं लिहा, उजवीकडे त्या स्पर्धेच्या कागदाचे चार निकष. आता जो निकष ज्या उद्दिष्टाला मोजतो त्या दोघांमध्ये रेघ ओढा. पाठांतराकडून रेघ कुठेच जात नाही. हावभावाकडून नाही. उच्चाराकडून ओढूनताणून चौथ्याकडे जाईल, तीही मला पटत नाही. आणि ‘मांडणी’ या एका निकषातून चारही उद्दिष्टांकडे रेघा जातात. म्हणजे पाच तासिकांमध्ये जे शिकवलं त्या सगळ्याला मिळून ५ गुण, आणि जे शिकवलंच नाही त्याला १५. तुमचं चुकलं ते एवढंच, बाकी मुलगा बरोबर आहे आणि ती मुलगीही बरोबर आहे, तिने समोर जो कागद होता त्याप्रमाणे उत्तम केलं.

दुसरी एक परीक्षा मी नेहमी घेतो, मुलांची नाही, रुब्रिकची. एक असा विद्यार्थी डोळ्यांसमोर आणा जो पाचही तासिकांना गैरहजर होता पण घरी काकांनी भाषण लिहून दिलंय. त्याला तुमच्या कागदावर किती पडतील? १८ पडत असतील तर कागद फेकून द्या. मग उलटा आणा, सगळं शिकलाय पण लाजाळू आहे. त्याला किती? तुमच्या वर्गात हे दोन्ही विद्यार्थी प्रत्यक्ष उभे राहिले म्हणून तुम्हाला झोप लागली नाही, बहुतेक वेळा ते असे समोरासमोर येत नाहीत आणि आपण निवांत झोपतो.

अवनीची_आई

खूप छान धागा! माझी मुलगी सहावीत आहे, २६ जानेवारीला भाषण आहे, ३ मिनिटांचं, कोणाकडे तयार आहे का? शक्यतो शेरोशायरी असलेलं.

टवाळखोर_जळगावी

निवृत्त_बाक काका, तुमचे ते ‘भाषण लिहून देणारे काका’ इथेच शोधतायत बघा.

चार्ट_पेपर

एवढं अवघड करायची गरज नाही. सोपा नियम आहे, एक उद्दिष्ट = एक ओळ, सगळ्यांना सारखे गुण. चार उद्दिष्टं, प्रत्येकी ५, झाले २०. आम्हाला प्रशिक्षणात हेच सांगितलेलं. आणि पुढे उत्तम / चांगले / साधारण / सुधारणा आवश्यक असे चार रकाने. मी पाच मिनिटांत बनवते.

निवृत्त_बाक

चार्ट_पेपर, निम्मं बरोबर आहे, सुरुवात तिथूनच करायची. पण सारखे गुण का? ताईंनी पाच तासिकांपैकी किती तासिका कशावर घालवल्या ते विचारा आधी. भूमिका एका वाक्यात सांगणं अर्ध्या तासिकेत येतं, कारणाला आधार जोडणं दोन-तीन तासिका खातं. जिथे शिकवण्याचं वजन तिथे गुणांचं वजन.

आणि उत्तम, चांगले हे शब्द म्हणजे रुब्रिक नव्हे, ती गुणांचीच दुसरी नावं आहेत. ‘आधार : उत्तम’ म्हणजे काय ऐकू आलं? तुम्हाला वाटलं उत्तम, शेजारच्या बाईंना वाटलं चांगलं, दोघींच्या हातात एकच कागद.

माईकवाला

मी १४ वर्षं वक्तृत्व स्पर्धांना परीक्षक म्हणून जातोय, त्यामुळे जरा चिडूनच लिहितोय. तुम्ही सगळे आवाज आणि हावभाव म्हणजे काहीतरी फालतू असल्यासारखं बोलताय. पटवून देणं हे काय कागदावर होतं का? मान खाली घालून पुटपुटणाऱ्याचा मुद्दा कितीही चांगला असला तरी शेवटच्या बाकापर्यंत पोचलाच नाही तर पटणार कुणाला? मग निबंधच लिहून घ्या की, भाषण कशाला.

खडूची_डबी

माईकवाला सर, तुमचा राग समजतो. पण मी आवाज शिकवलाच नाही हो. पाच तासिकांत एकदाही श्वास, थांबा, स्वर यावर काही घेतलं नाही. मग त्याचे ५ गुण कशाचे, ज्यांच्या घरी शिकवलं गेलं त्यांचे? आणि शाया म्हणणं ही तर चूकसुद्धा नाही, आमच्याकडे अर्धा वर्ग घरी अहिराणी बोलतो, ळ चा य होतो, त्यांच्या आज्यांचाही होतो.

माईकवाला

उच्चाराचं मान्य. बोलीचे गुण कापणं मलाही पटत नाही, स्पर्धेतसुद्धा मी कापत नाही. पण आवाजाचं मान्य नाही. शिकवलं नाही तर पुढच्या वेळी शिकवा आणि मग मोजा, काढून टाकणं हा उपाय नव्हे.

निवृत्त_बाक

हे बरोबर बोललात. रेघ दोन्ही बाजूंनी तुटू शकते. कधी रुब्रिक उद्दिष्टाकडे ओढायचं असतं, कधी लक्षात येतं की उद्दिष्टच अपुरं लिहिलं होतं. जॉन बिग्ज नावाच्या माणसाने १९९६ च्या एका लेखात हेच मांडलंय, की उद्दिष्ट, शिकवणं आणि मोजणं तिघं एका सुतात पाहिजेत. तो कॉलेजबद्दल बोलत होता, पण आठवीला काही वेगळं नाही.

ताईंच्या चौथ्या उद्दिष्टातच थोडी जागा आहे खरं तर. ‘ऐकणारा ओळखून बोलणे’ यात ऐकणाऱ्याकडे बघणं आणि त्याला ऐकू जाणं येऊ शकतं. तेवढंच घ्या. भुवया कितपत वर गेल्या ते नको.

न्यूजर्सीचा_बंड्या

इथे माझ्या मुलाला शाळेत असाच प्रोजेक्ट होता, रुब्रिक असाइनमेंटच्याच दिवशी हातात देतात, भाषणानंतर नाही. मुलाने ते फ्रिजवर चिकटवलं होतं आणि भाषण लिहिताना बघत होता. पण त्यात एक गंमत झाली. रुब्रिकमध्ये होतं ‘किमान तीन पुरावे’. पठ्ठ्याने तीन वेबसाइटवरून तीन वाक्यं उचलली, एकाचा दुसऱ्याशी संबंध नाही, आणि पूर्ण गुण घेऊन आला. मी म्हटलं अरे यातलं तुला काय पटलं, तर म्हणाला बाबा, थ्री इज थ्री.

मीठभाकर_मॅडम

थ्री इज थ्री 😂 हे माझ्या सातवीतसुद्धा होतं. आकडा लिहिला की पोरं आकडा भरतात.

चार्ट_पेपर

मग आकडा लिहायचाच नाही का? आकड्याशिवाय पालक भांडायला येतात, “अर्धा गुण का कापला” म्हणून. मला तर तीनच बरं वाटतं, मोजता येतं.

खडूची_डबी

काल रात्री बसून पहिला मसुदा केला. पातळ्या चार, आधाराच्या ओळीला दुप्पट वजन कारण तीन तासिका त्यावरच गेल्या होत्या. म्हणजे भूमिका ४, कारण आणि आधार ८, विरुद्ध बाजू ४, श्रोता ४, बरोब्बर २०. आधाराची ओळ अशी लिहिली, सांगा कशी वाटते:

४ : तीन कारणे, प्रत्येकाला आधार, भाषा प्रभावी. ३ : दोन कारणे, आधार, भाषा चांगली. २ : एक कारण, थोडा आधार. १ : कारण नाही.

निवृत्त_बाक

ताई, वजनं छान. ओळीत दोन भानगडी आहेत. एक, न्यूजर्सीच्या बंड्याचं पोरगं यात पूर्ण गुण घेऊन जाईल. दोन, ‘भाषा प्रभावी’ कुठून आली? उद्दिष्टात भाषा नव्हती, ती मागच्या दाराने आत शिरली. आणि एका ओळीत दोन गोष्टी घातल्या की जिचे आधार पक्के आणि भाषा साधी तिला ४ द्यायचे की २, हे तुम्हालाच कळणार नाही.

पातळ्या वरून खाली लिहू नका. आधी तुमच्या वर्गातल्या खऱ्या भाषणांमध्ये काय काय ऐकलं ते आठवा आणि त्याची रांग लावा. मला वाटतं रांग साधारण अशी लागेल: कोणी नुसतं मतच पुन्हा पुन्हा सांगतो (“झाडं लावलीच पाहिजेत कारण झाडं फार महत्त्वाची आहेत”). कोणी कारण देतो पण ते सगळ्या जगाला लागू होणारं, आपल्या शाळेचं काहीच नाही. कोणी स्वतः बघितलेलं, विचारलेलं, मोजलेलं काहीतरी आणतो पण ते नुसतं ठेवून पुढे जातो. आणि कोणी ते आणतो आणि ‘म्हणून’ म्हणून आपल्या मागणीशी बांधतो. झाल्या चार पायऱ्या. यात एकही आकडा नाही आणि ‘उत्तम’ही नाही, पण परीक्षक कानाने ओळखू शकतो.

खडूची_डबी

अरे देवा, हे वाचताना मला वर्गातली चार तोंडं दिसली. मग तो ग्रंथालयवाला तिसऱ्या पायरीवर, कारण ९ पुस्तकं सांगितली आणि थेट वाळवीवर गेला, ‘एवढी कमी जातात म्हणून सुट्टीत न्यायला द्या’ हे बोललाच नाही, आपण मनात जोडून घेतलं.

निवृत्त_बाक

बघा, आता त्याला काय सांगायचं तेही कळलं. “हावभाव सुधार” पेक्षा “एक ‘म्हणून’ घाल” हे त्याला उद्याच करता येईल.

मीठभाकर_मॅडम

विरुद्ध बाजूची ओळ पण लिहा ना कोणी, माझ्या वर्गात त्यावर कायम गोंधळ होतो. पोरं म्हणतात “काही लोक म्हणतील की हे चुकीचं आहे, पण ते मूर्ख आहेत.” आता विरोधी मुद्दा आला असं धरायचं का?

खडूची_डबी

मी हे लिहिलंय. १ : विरुद्ध बाजू येतच नाही. २ : येते पण उत्तर नाही, किंवा नुसतं खोडून टाकलंय (तुमचे मूर्ख इथे). ३ : खरी अडचण सांगितली, उत्तर दिलं, पण उत्तर त्या अडचणीला पूर्ण पुरत नाही. ४ : मुख्याध्यापक स्वतः जी अडचण काढतील तीच सांगितली आणि तिलाच उत्तर दिलं. वाळवीला मी ३ दिले, कारण पुस्तकं कपाटात खराब होतात हे खरं, पण घरी फाटली तर भरपाई कोण करणार हे राहिलंच.

माईकवाला

हे आवडलं. प्रामाणिकपणे सांगतो, आमच्या स्पर्धेत विरुद्ध बाजूला एकही गुण नसतो, त्यामुळे पोरं ती आणतच नाहीत. वादविवाद स्पर्धेत आणतात, वक्तृत्वात नाही.

तत्त्वज्ञ_तिरळे

ॲरिस्टॉटलने पटवून देण्याचे तीन मार्ग सांगितलेत, तर्क, भावना आणि बोलणाऱ्याबद्दलचा विश्वास. रुब्रिक त्या तीनवरच हवं. तुमच्या चार ओळींत भावना कुठेच नाही, वाळवीच्या वाक्यावर वर्ग हसला त्याचं काय?

निवृत्त_बाक

ॲरिस्टॉटल बरोबरच आहे हो, पण ताईंनी भावना शिकवली होती का? आणि भावनेच्या चार पायऱ्या लिहून दाखवा मला. ४ : परीक्षक रडले, ३ : डोळे पाणावले?

तत्त्वज्ञ_तिरळे

लिहून दाखवतो, वेळ द्या.

टवाळखोर_जळगावी

२ : परीक्षकांनी नाक ओढले (सर्दी असल्यास बाद).

चार्ट_पेपर

मला एक वेगळं सुचतंय. पटवून द्यायचं आहे ना, मग भाषणाआधी वर्गाला हात वर करायला सांगा, किती जणांना पटतंय, आणि नंतर पुन्हा. फरक म्हणजे गुण. कुठली ओळ नको नि काही नको.

मीठभाकर_मॅडम

हे करून बघितलंय मी. मॉनिटरच्या भाषणानंतर सगळे हात वर. आणि ‘गृहपाठ बंद करा’ वाल्याला आधीच १०० टक्के, तो बिचारा वाढवणार काय.

चार्ट_पेपर

हो, ते आहे. पण मला अजूनही वाटतं की पटलं की नाही हे कुठेतरी मोजलंच पाहिजे, नाहीतर आपण ‘पटवायचा प्रयत्न’ मोजतोय.

निवृत्त_बाक

प्रकाटाआ. (लिहिलं होतं, खोडलं. चार्ट_पेपरच्या या मुद्द्याला माझ्याकडे चांगलं उत्तर नाही.)

खडूची_डबी

सगळ्यांचे खूप आभार, आता पुढे काय झालं ते सांगते. गंमत म्हणून दोघांना नव्या कागदावर मोजलं. झाडेवालीला भूमिका २, आधार २ ची दुप्पट ४, विरुद्ध बाजू १, श्रोता २, एकूण ९. ग्रंथालयवाल्याला भूमिका ४, आधार ३ ची दुप्पट ६, विरुद्ध बाजू ३, श्रोता २ (मान खालीच होती), एकूण १५. म्हणजे १८ ची ९ आणि ११ ची १५. बघून मलाच घाम फुटला. हे गुण वहीत चढवू का?

मीठभाकर_मॅडम

नको!! तिला आधी सांगितलंच नव्हतं यावर मोजणार आहात म्हणून. ती रडेल आणि तिचं बरोबर असेल.

न्यूजर्सीचा_बंड्या

+१. मॅच झाल्यावर बाउंड्री हलवायची नसते.

निवृत्त_बाक

दोघांशी सहमत. जुने गुणही ठेवू नका, नवेही चढवू नका, शक्य असेल तर सगळ्यांना दुसरी संधी द्या, नवा कागद आठवडाभर आधी हातात देऊन. आणि त्याआधी एक करा, शेजारच्या बाईंना पकडा, दोन भाषणं मोबाइलवर रेकॉर्ड करून दोघींनी वेगवेगळ्या बसून मोजा. जिथे दोन पायऱ्यांचा फरक पडेल ती ओळ पुन्हा लिहा. एका पायरीचा फरक चालतो, माणसं आहोत.

अवनीची_आई

शेरोशायरी मिळाली दुसरीकडे, धन्यवाद. पण हे सगळं वाचून मुलीला विचारलं की तुला प्रजासत्ताक दिनाबद्दल काय पटवून द्यायचंय, तर म्हणाली काहीच नाही, मला फक्त बक्षीस पाहिजे.

माईकवाला

अवनीची आई, तिला पाठवा आमच्या स्पर्धेला.

खडूची_डबी

तीन आठवड्यांनी धागा वर काढतेय. दुसरी फेरी झाली. कागद आधी दिला, मुलांच्या भाषेत लिहून, ‘आधार’ च्या जागी ‘तुला कसं माहीत?’ असं. एक तासिका माईकवाला सरांच्या नावाने आवाजावर घेतली, शेवटच्या बाकावर एक पोरगा बसवला, त्याला ऐकू आलं की तो हात वर करायचा.

झाडेवालीने विषय बदलला नाही. पण या वेळी तिने मैदानाच्या कोणत्या बाजूला मधल्या सुट्टीत सावली नसते ते सात दिवस बघून सांगितलं, आणि म्हणून झाडं तिथेच लावा म्हणाली. घोषणा शेवटी होतीच, हात वर करून. १६ पडले. ग्रंथालयवाल्याला १७, त्याने फाटलेल्या पुस्तकासाठी पाच रुपये अनामत सुचवली, आणि शाळा अजूनही शायाच आहे.

शेजारच्या बाईंबरोबर मोजलं तेव्हा पहिल्या तीन ओळींत फार तर एका पायरीचा फरक. चौथी, श्रोत्याची ओळ मात्र साफ आपटली, एका मुलीला मी ४ दिले आणि बाईंनी २. मी बघत होते ती मुख्याध्यापकांना काय महत्त्वाचं वाटेल ते बोलते का, बाई बघत होत्या ती त्यांच्याकडे बघते का.

निवृत्त_बाक

म्हणजे त्या ओळीत दोन गोष्टी शिरल्या आहेत, आणि ती मीच घालायला सांगितली होती. चूक माझी. दोन ओळी करा.

माईकवाला

दोन ओळी करा आणि आवाजाच्या ओळीला ४ गुण द्या.

खडूची_डबी

मग २४ होतात सर. २० चेच आहेत माझ्याकडे.

माईकवाला

भूमिकेचे २ करा, ते अर्ध्या तासिकेत येतं असं काकाच म्हणाले होते, आणि श्रोत्याचेही २.

निवृत्त_बाक

आधाराच्या ८ ला हात लावू नका म्हणजे झालं. बाकी तुम्ही दोघं भांडा, मी चहा टाकतो.